दिवे चालू, तरी संगणक बंद

एका गुरुजींनी विजेच्या नोंदवहीशेजारी शाळेची नोंदवही ठेवली, तेव्हा काय दिसले?

नांदेड जिल्ह्यातला मुखेड-कंधारचा पट्टा आणि लातूर जिल्ह्यातले अहमदपूर-जळकोट एकमेकांना लागूनच आहेत. रब्बीच्या दिवसांत या भागातल्या कुठल्याही गावात एक गोष्ट ठरलेली असते. शेतीची थ्री-फेज लाइट आली, की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात. शेतकऱ्यांनी मोटारींना ऑटो-स्विच बसवलेले असतात, त्यामुळे बटण दाबायला कुणाला विहिरीवर जावे लागत नाही. त्याच क्षणी गावातले पंखे मंदावतात आणि बल्ब पिवळे पडतात. लोकांना याची इतकी सवय झालेली असते, की ‘लाइट आहे का?’ असे विचारले तर ते ‘आहे’ असेच सांगतात.

त्या ‘आहे’ आणि ‘नाही’च्या मध्ये काय दडलेले असते, हे एका शाळेच्या उदाहरणाने समजून घेता येते. ही शाळा आणि तिथले सर कथेपुरते कल्पिलेले आहेत आणि शाळेच्या नोंदींचे आकडेही उदाहरणादाखल आहेत. त्यातले विजेचे वागणे मात्र मराठवाड्यात रोज अनुभवाला येणारे आहे.

शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. लोकवर्गणीतून आणि आमदार निधीतून मिळालेले आठ संगणक एका खोलीत मांडलेले. प्रत्येकाखाली एक छोटा यूपीएस. खोलीची जबाबदारी विज्ञान शिकवणाऱ्या सरांकडे. पहिल्या वर्षी संगणक बरे चालले. दुसऱ्या वर्षी दर महिन्याला एखाद-दुसरा बंद पडू लागला. अहमदपूरहून दुरुस्तीवाला यायचा, कधी विंडोज पुन्हा टाकून द्यायचा, कधी आतला पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, बदलायचा. जाताना दर वेळी एकच वाक्य असायचे : ‘‘सर, तुमच्याकडची लाइट खराब आहे.’’ वर्षाअखेरीस दोन संगणक डेडस्टॉक रजिस्टरमध्ये निर्लेखनासाठी लावले गेले. गावात बोलले जाऊ लागले, की पोरांच्या हातात संगणक दिले तर असेच होणार.

सरांना या दोन्ही स्पष्टीकरणांत काही तथ्य वाटेना. पोरे मोडतात म्हणावे, तर बिघाड उन्हाळ्याच्या तोंडावर कमी आणि थंडीत जास्त का? लाइट खराब म्हणावे, तर खराब म्हणजे नेमके काय? ती जाते म्हणून खराब, की असते तेव्हा खराब? त्यांनी एक साधी वही आखली. बिघाडाची तारीख, वेळ, संगणकाचा क्रमांक आणि दुरुस्तीवाल्याने काय केले, असे चार रकाने. जुन्या पावत्या आणि हजेरीपटाच्या मागे खरडलेल्या नोंदींवरून मागचे वर्ष भरून काढले. शाळेचे साधारण २२० दिवस आणि त्यात १९ बिघाड.

उपकेंद्रातली नोंदवही

गावापासून आठ किलोमीटरवर महावितरणचे ३३/११ केव्ही उपकेंद्र आहे. अशा उपकेंद्रात ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवली जाते आणि वेगवेगळ्या लाइन्सवर, म्हणजे फीडरवर, सोडली जाते. तिथला ऑपरेटर दर तासाला प्रत्येक फीडरचे व्होल्टेज आणि अँपिअर वहीत लिहितो. फीडर किती वाजता बंद झाला, किती वाजता चालू झाला, स्वतःहून ट्रिप झाला की दुरुस्तीसाठी बंद केला, याचीही नोंद होते. सरांनी अर्ज दिला, ओळख काढली आणि चार शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर तिथे बसून आपल्या फीडरच्या नोंदी उतरवून घेतल्या.

‘‘सर, ह्याचं काय करणार?’’ ऑपरेटरने विचारले. ‘‘आमी लिहितो, वर पाठवतो. कुनी मागायला येत नाही.’’

पहिली जुळवणी सोपी वाटली. १९ बिघाडांपैकी १५ बिघाड ज्या दिवशी झाले, त्या दिवशी शाळेच्या वेळेत कधी ना कधी लाइट गेलेली होती. म्हणजे जवळपास ७९ टक्के. एखाद्याने इथेच वही मिटली असती आणि ‘भारनियमनाने संगणक बिघडतात’ असा निवेदनाचा मसुदा लिहायला घेतला असता.

सरांनी आधी उलटा प्रश्न विचारला. ज्या दिवशी काहीच बिघडले नाही, त्या दिवशी लाइट गेली नव्हती का? पुन्हा पाने उलटली. २२० पैकी १८० दिवशी शाळेच्या वेळेत लाइट गेलेली होती, म्हणजे ८२ टक्के. लाइट जवळपास रोजच जाते. त्यामुळे कुठलेही बिघाड उचलले, तरी त्यातले पाचात चार ‘लाइट गेलेल्या’ दिवशीच सापडणार. बिघाडाच्या दिवशी काय घडले एवढेच पाहिले तर रोज घडणारी कुठलीही गोष्ट आरोपी ठरते. त्या हिशेबाने शाळेची प्रार्थनासुद्धा संगणक बिघडवते असे म्हणता आले असते.

दोन आजार, एक नाव

मग सरांनी वहीचा चौथा रकाना नीट वाचला. ‘संगणक बिघडला’ या एका नावाखाली दोन वेगळे आजार होते. १९ पैकी १२ वेळा संगणकाचा एकही भाग जळालेला नव्हता. संगणक सुरू व्हायचा, पण विंडोज उघडत नव्हते, फाइल्स खराब झालेल्या असायच्या, एक-दोनदा हार्ड डिस्कच निकामी झालेली होती. उरलेल्या सात वेळा एसएमपीएस किंवा यूपीएस जळाला होता. उघडल्यावर करपट वास येत होता आणि आतले कॅपॅसिटर फुगलेले दिसत होते. ताप आणि हाडमोड एकाच रकान्यात लिहिली तर डॉक्टरला काही कळणार नाही, तसेच इथे झाले होते. त्यांनी दोन याद्या वेगळ्या केल्या.

पहिली यादी, काही न जळता झालेल्या बारा बिघाडांची. या दिवसांत फीडर नुसता गेला नव्हता, तर अनेकदा थोडा-थोडा वेळ गेला होता. झाडाची फांदी लागते, तारा एकमेकींना घासतात, लोड वाढतो, फीडर ट्रिप होतो आणि काही मिनिटांत पुन्हा चालू होतो. शाळेच्या वेळेत अशा तीन किंवा अधिक ट्रिप झालेले दिवस वर्षात ५० होते, म्हणजे एकूण दिवसांच्या पाव भागाहूनही कमी. पण बारापैकी दहा बिघाड या ५० दिवसांत पडले होते. बिघाड कसेही विखुरले असते, तर या दिवसांच्या वाट्याला तीनच्या आसपास यायला हवे होते.

इथे धागा हाती लागला, पण एक शंका उरली. लाइट अचानक गेली तर संगणक बंद पडू नये, यासाठीच तर यूपीएस असतो. एका संगणकाला दहा-पंधरा मिनिटे चालवण्याइतकी त्याच्यात ताकद असते. तेवढ्यात काम साठवून संगणक नीट बंद करता येतो. मग ट्रिपने संगणक बिघडावेत कसे?

सरांनी त्या ५० दिवसांचे आणखी दोन भाग केले. या लाइनवर गाव आणि शेती एकत्रच आहेत. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. उरलेल्या वेळी घरांपुरती सिंगल फेज चालू राहते. ट्रिपच्या ५० दिवसांपैकी २७ दिवशी शेतीची पाळी दिवसा होती, तर २३ दिवशी रात्री. दोन्हीकडे ट्रिपची संख्या जवळपास सारखी. बिघाड मात्र दिवसाच्या पाळीत नऊ आणि रात्रीच्या पाळीत फक्त एक.

म्हणजे नुसती ट्रिप पुरेशी नव्हती. मोटारी दिवसा चालू असण्याशी काहीतरी संबंध होता.

लाइट असतानाची उपासमार

उत्तर वहीत नव्हते, खोलीत होते. सरांनी बाजारातून एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणला आणि खोलीतल्या प्लगमधले व्होल्टेज दिवसातून तीन वेळा लिहायला सुरुवात केली. मोटारी बंद असताना २३० च्या आसपास आकडा यायचा. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या, की तोच आकडा १५५ ते १६५ वर उतरायचा आणि तीन-चार तास तिथेच राहायचा. लांबलचक लाइनच्या टोकाला शाळा असल्याने असे होते. तारेतून जितका जास्त प्रवाह वाहतो, तितके व्होल्टेज वाटेतच खर्ची पडते. उपकेंद्राच्या वहीत त्या वेळी अँपिअरचा आकडा वाढलेला दिसतो, पण पुरवठ्याच्या रकान्यात ‘चालू’ एवढेच लिहिलेले असते. उपकेंद्राच्या दृष्टीने ते खरेच असते.

यूपीएसच्या दृष्टीने मात्र ते खरे नसते. छोट्या यूपीएसला व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले, की लाइट गेली असेच वाटते. ही मर्यादा बनावटीनुसार साधारण १४० ते १६५ व्होल्टच्या दरम्यान असते. मग तो बॅटरीवर जातो आणि ‘टीं टीं’ असा आवाज करू लागतो. मुले हा आवाज ऐकत होती, पण दिवे चालू असल्यामुळे त्याकडे कुणाचे लक्ष जात नव्हते. काही शिक्षक तर कटकट नको म्हणून आवाजाचे बटण बंद करून ठेवत.

आता अशा दिवसाचा हिशेब मांडून पाहता येतो. सकाळी अकराला मोटारी सुरू होतात. व्होल्टेज मर्यादेच्या काठावर खालीवर होत राहते आणि यूपीएस कधी लाइटवर, कधी बॅटरीवर असा हेलकावे खात राहतो. आतली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी थोडी-थोडी रिकामी होत जाते. ती पूर्ण भरायला सलग सहा ते आठ तास चांगले व्होल्टेज लागते. शाळा सुटल्यावर शिपाई खोलीचे मेन स्विच बंद करतो, त्यामुळे रात्रीही ती भरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी अर्धपोटी आणि पुन्हा तेच चक्र. शिशाची बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक साचतात आणि मग ती पुन्हा पूर्ण भरूच शकत नाही. चांगल्या विजेवर अशी बॅटरी दोन-तीन वर्षे टिकते. इथे एका हंगामातच तिचा जीव जात होता.

आणि अशा बॅटरीच्या जिवावर असलेल्या संगणकाला ट्रिप भेटली, की तो दहा मिनिटांत नव्हे, तर दोन सेकंदांत बंद पडतो. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल, तर ते अर्धवट राहते. चार-पाचदा असे झाले, की एखादी महत्त्वाची फाइल तुटते आणि विंडोज उघडत नाही.

रात्रीच्या पाळीतही ट्रिप तेवढ्याच होत होत्या, पण दिवसा व्होल्टेज चांगले असल्याने यूपीएस तग धरत होते. म्हणून बिघाड एकच. ट्रिप हे निमित्त होते, कारण होते ते बॅटरीची उपासमार. आणि ती उपासमार लाइट असताना होत होती.

सरांनी याची चाचणी घेतली. आठपैकी चार यूपीएसमध्ये नव्या बॅटऱ्या बसवल्या, चार जुन्याच ठेवल्या. यूपीएस पूर्ण भरू दिले, मग प्रत्येकाला ६० वॉटचा एक बल्ब जोडून मेन बंद केले आणि मुलांना घड्याळ लावून बसवले. नव्या चारही बॅटऱ्यांवर बल्ब बराच वेळ जळत राहिला. जुन्यांपैकी तीन बल्ब अर्ध्या मिनिटात विझले. हीच चाचणी कुठल्याही शाळेला दहा रुपयेही खर्च न करता करता येते. संगणकच जोडून मेन बंद करून पाहण्याची चूक मात्र करू नये, कारण त्यात नेमके तेच नुकसान होते जे टाळायचे आहे.

जळालेले सात

दुसरी यादी मात्र कुठल्याच वहीशी जुळेना. एसएमपीएस जळालेल्या सात दिवसांपैकी चार दिवशी लाइट गेली होती, तीन दिवशी गेलेली नव्हती. दिवसाची पाळी, रात्रीची पाळी, ट्रिपची संख्या, कशाचाही मेळ बसत नव्हता. उपकेंद्राच्या वहीत त्या दिवसांचे व्होल्टेज नेहमीसारखे होते. दुसरा एखादा माणूस इथे म्हणाला असता, की नोंदवहीचा काही उपयोग झाला नाही. सरांनी उलट अर्थ काढला. ११ हजारांच्या लाइनवर सगळे ठीक असताना संगणक जळत असतील, तर दोष त्या लाइनवर नाही. तो तिच्या पुढे, म्हणजे गावातली डीपी आणि शाळेचा प्लग यांच्या दरम्यान, असला पाहिजे.

एक बारीकशी गोष्ट मात्र दिसली. सातपैकी पाच दिवस वादळी वाऱ्या-पावसाचे होते, जूनमधले आणि परतीच्या पावसातले. सरांनी सातवीच्या मुलांना एक काम दिले. घरी जाऊन विचारा, मागच्या वाऱ्या-पावसात कुणाचे बल्ब गेले, कुणाचा टीव्ही गेला, कुणाच्या घरी लाइट डिम होती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर गावाचा नकाशा काढून खुणा केल्या.

शाळेच्या बाजूच्या गल्लीत बल्ब फटाफट उडाले होते. किराणा दुकानाचा फ्रीज बंद पडला होता. एका घरात पंखा ‘लई जोरात’ फिरत होता. मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत मात्र त्याच वेळी बल्ब तांबडे पडले होते आणि टीव्ही सुरूच होत नव्हते.

वरच्या लाइनचे व्होल्टेज वाढले असते, तर सगळ्या गावात वाढले असते. कमी झाले असते, तर सगळीकडे कमी झाले असते. एकाच डीपीवर एका गल्लीत जास्त आणि दुसऱ्या गल्लीत कमी, ही खूण बहुतेक वेळा एकाच दोषाची असते : न्यूट्रल सुटलेला किंवा सैल झालेला.

डीपीतून गावाकडे तीन फेजच्या तारा आणि एक न्यूट्रलची तार निघते. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो. त्या दोहोंमध्ये २३० व्होल्ट असतात. दोन फेजमध्ये मात्र ४०० च्या आसपास व्होल्ट असतात. न्यूट्रल घट्ट असेपर्यंत प्रत्येक गल्लीला आपापले २३० मिळतात, शेजारच्या गल्लीत काय चालले आहे याचा फारसा फरक पडत नाही. न्यूट्रल तुटला, की दोन गल्ल्या एकामागोमाग एक जोडल्यासारख्या होतात आणि ४०० व्होल्ट दोघींत वाटले जातात. ही वाटणी समसमान नसते. ज्या गल्लीत कमी उपकरणे चालू, तिच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात.

समजा, शाळेच्या बाजूला दुपारी ५०० वॉटचा लोड चालू आहे आणि देवळामागे २,००० वॉटचा. लोड एकास चार, तर व्होल्टची वाटणी बरोबर उलटी, चारास एक. शाळेला ३२० व्होल्ट आणि देवळामागे ८०. संगणकाचा पॉवर सप्लाय बल्बसारखा साधा लोड नसल्याने प्रत्यक्षातला आकडा थोडा इकडे-तिकडे होईल, पण दिशा हीच राहते. नेहमीचा एसएमपीएस २६४ व्होल्टपर्यंत सहन करतो. त्याच्या आत वीज आधी एकमार्गी केली जाते आणि बऱ्याच जुन्या बनावटींत ती प्रत्येकी २०० व्होल्टच्या दोन कॅपॅसिटरवर साठवली जाते, म्हणजे एकूण क्षमता ४०० व्होल्ट. प्लगमध्ये ३२० व्होल्ट आले, की त्यांचे शिखर ४५० च्या वर जाते. कॅपॅसिटर फुगतो, कधी फुटतो. उघडल्यावर दिसलेले फुगलेले कॅपॅसिटर हेच सांगत होते.

न्यूट्रल पूर्ण तुटलेला नसून सैल असेल, तर प्रकार आणखी फसवा. वारा आला, तार हलली, की काही सेकंद ठिणग्या पडतात आणि पुन्हा जोड बसतो. वायरमन येईपर्यंत सगळे ठीक झालेले असते. म्हणूनच पाच दिवस वाऱ्याचे होते.

सरांनी तोंडी तक्रार केली नाही. एका कागदावर सात तारखा लिहिल्या, गावाचा खुणा केलेला नकाशा जोडला आणि एका वाऱ्याच्या संध्याकाळी मल्टिमीटरवर शाळेत २७५ आणि त्याच पाच मिनिटांत देवळामागे १७० आल्याची नोंद दोन साक्षीदारांच्या सह्यांसह लावली. वायरमनने कागद पाहिला आणि शाळेत न येता थेट डीपीकडे गेला.

‘‘सर, हे आधी सांगितलं असतं तर कवाच झालं असतं,’’ तो परतल्यावर म्हणाला. ‘‘लोक म्हनतात लाइट खराब है. आता लाइट खराब म्हंजी मी काय बघू?’’

डीपीच्या पेटीतला न्यूट्रलचा लग सैल झाला होता, ॲल्युमिनियमवर पांढरट-काळा थर चढला होता. लाइन बंद करून लग बदलला, घासून घट्ट केला. त्यानंतर दोन्ही गल्ल्यांतले आकडे एकमेकांपासून पाच-सात व्होल्टच्या आत राहू लागले.

दोन आजार, दोन औषधे

या दोन दोषांवर एकच इलाज चालला नसता. न्यूट्रल घट्ट केल्याने बॅटऱ्यांची उपासमार थांबत नाही आणि नव्या बॅटऱ्यांनी ३२० व्होल्ट अडत नाहीत. दुरुस्तीवाल्याच्या सांगण्यावरून शाळेने आधीच एक मोठा इन्व्हर्टर घेतला असता, तर त्याचीही बॅटरी त्याच कमी व्होल्टेजवर अर्धपोटी राहिली असती.

सरांनी बॅटऱ्यांसाठी तीन गोष्टी केल्या. रात्री खोलीतले संगणकाचे प्लग बंद, पण यूपीएसची लाइन चालू राहील, अशी वायरिंग वेगळी करून घेतली. खोलीसाठी कमी व्होल्टेजवरही काम करणारा आणि व्होल्टेज फार वाढल्यास पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर बसवला. आणि दिवसाच्या पाळीत संगणकाचा तास मोटारी सुरू होण्याआधी, पहिल्या तासिकेला ठेवला. तिसऱ्या उपायाला पैसे लागले नाहीत, फक्त शेतीच्या पाळीचे वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या टेबलावर लावावे लागले.

या नोंदींच्या मर्यादाही आहेत. एका शाळेचे एक वर्ष आणि १९ बिघाड हा फार लहान नमुना आहे. त्यात एखाद-दुसरा बिघाड धुळीने, उन्हाने किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरनेही झालेला असू शकतो. जळालेल्यांपैकी दोन दिवस वाऱ्याचे नव्हते आणि त्यांचे कारण शेवटपर्यंत कळले नाही. मल्टिमीटर दिवसातून तीनदा पाहिला, तर मधल्या वेळेतली काही सेकंदांची उसळी सुटून जाते.

ही शेवटची अडचण सोडवण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला आहे. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने घरांमध्ये, दुकानांमध्ये आणि शेतांत छोटी यंत्रे बसवली. प्लगमध्ये खोचलेले हे यंत्र दर मिनिटाला व्होल्टेज नोंदवते आणि मोबाइल नेटवर्कवरून पाठवते. या नोंदी लोकांना पाहता येतील अशा खुल्या ठेवल्या गेल्या. उपकेंद्राची वही फीडरच्या तोंडाशी काय आहे ते सांगते, तर असे यंत्र ग्राहकाच्या प्लगमध्ये काय आहे ते सांगते. सरांची वही आणि मल्टिमीटर ही त्याच कल्पनेची गरिबाघरची आवृत्ती होती.

प्लगमधले व्होल्टेज कसे असावे, हे मर्जीवर सोडलेले नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ५७ नुसार राज्य वीज नियामक आयोग सेवेची मानके ठरवतो. महाराष्ट्राच्या आयोगाच्या मानकांत कमी दाबाच्या ग्राहकासाठी व्होल्टेजमधला फरक अधिक-उणे सहा टक्क्यांत असावा असे आहे. २३० वर हिशेब केला, तर साधारण २१६ ते २४४. शाळेतले १६० आणि २७५ हे दोन्ही आकडे या चौकटीच्या बाहेरचे. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना ‘लाइट खराब आहे’ असे सांगणे आणि ‘अमुक तारखेला अमुक वाजता प्लगमध्ये इतके व्होल्ट होते’ असे सांगणे, यात वायरमनने दाखवून दिला तेवढा फरक आहे.

एक खबरदारी मात्र सर दर वेळी सांगतात. व्होल्टेज मोजायचे ते मोठ्या माणसाने, धड असलेल्या प्लगमध्ये, चांगल्या मीटरने. डीपीच्या पेटीला, खांबावरच्या तारेला किंवा मीटरच्या पेटीला शाळेतल्या कुणीही हात लावायचा नाही. मुलांचे काम लिहायचे आणि विचारायचे.

खोलीच्या भिंतीवर आता एक तक्ता आहे. तारीख, तीन वेळचे व्होल्टेज, यूपीएस किती वेळा वाजला, काय बिघडले. शेवटचा रकाना बहुतेक दिवशी रिकामा असतो, तरी तो भरायचा असतो. काहीच बिघडले नाही, तर ‘काही नाही’ असे लिहायचे, कारण पहिल्या वर्षीची चूक उघडी पडली ती त्या दिवसांमुळेच.